पत्रिकेत शनी नीचेचा आणि वर वक्री : दुबळा समजायचा की बलवान?

मृणाल_सातारा

नमस्कार मंडळी. भाचीच्या पत्रिकेबद्दल विचारायचं आहे. जन्म ७ नोव्हेंबर १९९९, पुणे, संध्याकाळी ७.१५. लक्ष्मीपूजनाचा दिवस होता. वृषभ लग्न, व्ययात मेषेचा शनी आणि गुरू, दोघांपुढे (व) लिहिलंय. सप्तमात वृश्चिकेचा बुध, त्याच्यापुढेही (व).

सध्या स्थळं बघतोय. एका ठिकाणी मुलाकडच्यांच्या गुरुजींनी पत्रिका बघून सांगितलं, की शनी नीचेचा आणि त्यात वक्री, म्हणजे दुप्पट बिघडलेला. लग्न उशिरा आणि त्रासाचं. ताईने दुसऱ्यांना दाखवली तर ते म्हणाले, वक्री झाल्यामुळे नीचत्व गेलं, हा शनी उच्चीसारखा आहे. भाचीने स्वतः एका इंग्रजी साइटवर कुंडली काढली. तिथे शनी मेषेत नाहीच, वृषभेत आहे, आणि लिहिलंय की ही व्यक्ती स्वतःवर फार कडक असते. २०२३ पासून तिला शनीची महादशा सुरू झाली आहे, म्हणून ताई जास्तच घाबरली आहे. या तिघांतलं कोणाचं धरायचं?

शुक्रतारा_६८

मृणाल, घाबरू नका. साधा नियम लक्षात ठेवा. वक्री ग्रह मागे चालत असतो, म्हणून तो मागच्या राशीचं फळ देतो. शनी मेषेत वक्री, म्हणजे फळ मीनेचं. मीनेत शनी नीच नसतो, प्रश्नच मिटला. वृषभ लग्नाला मीन हे लाभस्थान, म्हणजे शनी लाभात धरा. माझ्या सासऱ्यांनी आयुष्यभर असंच पाहिलं.

गोवेकर

माझ्याही पत्रिकेत राहू वक्री आहे, चतुर्थात. तेव्हापासून घराचं काही ना काही चालूच. मडगावचं घर तीनदा विकायला काढलं, गिऱ्हाईक येतं आणि परत जातं. राहू मार्गी कधी होईल कोणी सांगेल का? हल्ली बुध पण वक्री होता, त्यात माझा फोन गेला.

निशाचर

मी ज्योतिषी नाही, दुर्बीण घेऊन रात्री बाहेर बसणारा माणूस आहे. फलितावर माझा विश्वास नाही, हे आधीच सांगतो. पण ग्रह खरोखर मागे फिरतो असं कोणी समजत असेल तर ते नीट व्हावं एवढीच इच्छा. शनी आपल्या कक्षेत कधीच उलटा जात नाही. पृथ्वी आतल्या कक्षेतून वेगाने त्याला मागे टाकते त्या काळात तो ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर मागे सरकताना दिसतो.

यातून एक गोष्ट निघते, जी पत्रिका पाहणाऱ्यांनाही उपयोगी पडावी. मंगळ, गुरू, शनी वक्री असतात तेव्हा पृथ्वी त्यांच्या आणि सूर्याच्या मधल्या भागात असते. म्हणजे ग्रह सूर्यासमोर असतो. सूर्य मावळताना तो उगवतो, रात्रभर दिसतो, आणि वर्षातला सर्वांत जवळचा व तेजस्वी असतो. शनीची प्रतियुती त्या वर्षी ६ नोव्हेंबरला होती. ही मुलगी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जन्मली, म्हणजे पुण्यात त्या वेळी पूर्वेला शनी आणि गुरू दोघेही क्षितिजावर आलेले होते आणि लखलखीत होते.

गोवेकर, राहू हा ग्रह नाही, चंद्राच्या आणि सूर्याच्या मार्गांचा छेदबिंदू आहे. तो सरासरीने नेहमीच मागे सरकतो. सगळ्यांच्याच पत्रिकेत तो वक्री असतो.

गोवेकर

सगळ्यांच्या? मग आमच्या भटजींनी दोन वर्षं त्याची शांत करायला का सांगितली?

पंचांगवाला

उशिरा लिहितोय, पण जुनं पंचांग काढून बसलो होतो. मृणालताई, तुमच्या भाचीची पत्रिका या प्रश्नासाठी दुर्मीळ म्हणावी इतकी चांगली आहे, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

आधी गोवेकरांसाठी. मध्यम राहू कायम वक्री. स्पष्ट राहू घेतला तर तो अधूनमधून थोडे दिवस मार्गी दाखवतो, म्हणून काही पत्रिकांत फरक दिसतो. वक्री आहे म्हणून राहूचं वेगळं फळ सांगायचं कारण नाही. चतुर्थातल्या राहूचा विचार वेगळा, तो दुसऱ्या धाग्यावर करू.

आता शनी. शके १९२१ च्या त्या वर्षात शनी ३० ऑगस्ट १९९९ ला वक्री झाला आणि १२ जानेवारी २००० ला मार्गी. साडेचार महिने. दरवर्षी एवढाच काळ तो वक्री असतो, म्हणजे साधारण तीन माणसांत एकाचा शनी वक्री. त्या साडेचार महिन्यांत जन्मलेल्या प्रत्येकाचा शनी मेषेत, नीच राशीत आणि वक्री आहे. तेव्हा नुसत्या या गोष्टीवरून लग्न लांबणार असं कोणी म्हणत असेल तर त्या पूर्ण पिढीबद्दल म्हणावं लागेल.

वराहमिहिराने बृहज्जातकात ग्रहांच्या बळांचा विचार केला आहे तिथे चेष्टाबळ सांगताना सूर्य-चंद्रांना उत्तरायणाचं बळ दिलं आणि उरलेल्या पाच ग्रहांना वक्री असण्याचं. त्याच श्लोकात मोठ्या किरणांच्या, म्हणजे तेजस्वी ग्रहालाही बळ दिलं आहे. निशाचर जे आकाशात दाखवतात तेच हे. आपल्याकडे वक्री ग्रह बलवान मानला जातो त्यामागे तो डोळ्यांना मोठा आणि तेजस्वी दिसतो हे निरीक्षण आहे, असं माझं मत आहे.

पण बळ म्हणजे शुभत्व नव्हे. गल्लत इथे होते. सारावलीत कल्याणवर्मा सांगतो की वक्री शुभग्रह राज्य देतात आणि वक्री पापग्रह संकटं व व्यर्थ वणवण देतात. दोन्हीकडे ग्रह बलवानच आहे, फक्त बलवान पापग्रह आपलं पापत्वही जोराने देतो. उत्तरकालामृतात वेगळं आहे: नीच ग्रह वक्री झाला तर उच्चीसारखा, आणि उच्चीचा ग्रह वक्री झाला तर नीचासारखा. तुमच्या दुसऱ्या गुरुजींनी हेच सांगितलं. म्हणजे आपल्याच दोन ग्रंथांत या शनीबद्दल एकमत नाही. पहिल्या गुरुजींचं "दुप्पट बिघडलेला" हे मात्र यातल्या कशातच बसत नाही.

मृणाल_सातारा

नाना, मग या दोन ग्रंथांतला कोणता धरायचा? आणि बळ मोजता येतं का?

पंचांगवाला

मोजता येतं, आणि इथे ते मोजण्यासारखं आहे. शनीचं परम नीच स्थान मेषेचा विसावा अंश. लाहिरी अयनांशाने त्या संध्याकाळी शनी जवळजवळ तिथेच, विसाव्या अंशालगत होता. म्हणून उच्चबळ शून्याच्या जवळ. याहून कमी होऊच शकत नाही.

आता चेष्टाबळ. मंगळ, गुरू, शनी यांच्यासाठी ग्रह मध्यम सूर्यापासून किती अंशांवर आहे ते घेऊन तिनाने भागतात. (ग्रहाचं मध्यम आणि स्पष्ट स्थान यांची सरासरी घेतात, पण त्यात आत्ता शिरत नाही.) प्रतियुतीला अंतर १८०, भागिले तीन, ६० षष्ट्यंश. याहून जास्त होऊच शकत नाही. म्हणजे एकाच ग्रहाला एका बळात जवळपास शून्य आणि दुसऱ्यात जवळपास पूर्ण साठ. असा योग मी फार थोड्या पत्रिकांत पाहिला.

काही जण वक्री दिसला की डोळे मिटून साठ देतात, ते मला पटत नाही. या रीतीने काढलं तर ऑगस्टअखेर नुकताच वक्री झालेल्या शनीला चाळिशीच्या आत-बाहेर मिळतं, प्रतियुतीलाच साठ. आणि साठ मिळाले तरी शनी पुरेसा बलवान म्हणायला षड्बळाची बेरीज ३०० लागते. चेष्टाबळ त्यातला एक पंचमांश. उरलेलं स्थान, दिशा, काल, दृष्टी यांतून यायला हवं. नुसत्या वक्रीपणाने ग्रह तरत नाही आणि बुडतही नाही. जगन्नाथ होरा सॉफ्टवेअरमध्ये षड्बळाचा तक्ता निघतो, त्यात शनीच्या ओळीत उच्च आणि चेष्टा हे दोन आकडे शेजारी ठेवून बघा.

शुक्रतारा_६८

नाना, मागच्या राशीच्या फळाबद्दल आपण काहीच बोलला नाहीत. तो नियम चुकीचा आहे का?

पंचांगवाला

तो नियम बरेच जण वापरतात, तुमचे सासरे अनुभवी असतील याबद्दल शंका नाही. पण वराहमिहिराच्या बळविचारात तो नाही, आणि मी वर सांगितलेल्या दोन्ही मतांत ग्रह ज्या राशीत आहे त्याच राशीत धरला आहे. शिवाय तुम्ही तो असा लावलात की नीचत्व नाहीसं होऊन शनी थेट लाभात आला. नियम खरा मानला तरी त्यात शनी मेषेतून उठत नाही, मीनेचा रंग त्यात मिसळतो एवढंच. दशा लागली की व्ययस्थान फळ देणारच.

शुक्रतारा_६८

मिसळतो हे मान्य. पण मी हा नियम सोडणार नाही. घरातल्या चार पत्रिकांत तो लागलेला बघितला आहे.

केतकी_लेस्टर

मी इथे पाश्चात्त्य पद्धती शिकले आणि तीच वापरते, म्हणून भाचीच्या इंग्रजी कुंडलीबद्दल लिहिते.

शनी वृषभेत का, ते आधी. पाश्चात्त्य राशिचक्र संपातबिंदूपासून सुरू होतं, आपलं ताऱ्यांना धरून. १९९९ मध्ये दोन्हींत जवळजवळ २४ अंशांचा फरक होता. म्हणून मेषेचा विसावा अंश तिथे वृषभेचा चौदावा होतो. आणि तिथे शनीचं नीचस्थान मेषच आहे, वृषभ नाही. त्यामुळे नीचत्व पूर्ण गायब. वक्री गती मात्र दोन्हींत तीच, कारण ती राशिचक्रावर अवलंबून नाही.

आता अर्थ. पश्चिमेत एकच मत आहे असं कोणी समजू नये. जुन्या परंपरेत वक्री ग्रह सरळ सरळ दुबळा. विल्यम लिलीच्या १६४७ च्या ग्रंथात गुणांचा तक्ता आहे. मार्गी ग्रहाला अधिक ४, वक्रीला उणे ५. अस्तंगत ग्रहालाही उणे ५ च. तुमच्याकडे जिथे साठ पैकी साठ, तिथे लिली पाच गुण कापतो. पण तो प्रश्नकुंडलीचा मोठा जाणकार होता. हरवलेली वस्तू मिळेल का, करार होईल का, अशा प्रश्नांत मागे फिरणारा ग्रह म्हणजे माघार, बदललेलं मन, परत येणारा माणूस. तिथे ते वाचन नेमकं बसतं. तोच तक्ता जन्मकुंडलीला लावला की माणूस आयुष्यभर उणे पाच घेऊन फिरतो, आणि ते मला पटत नाही.

विसाव्या शतकात मानसशास्त्राच्या अंगाने कुंडली वाचायला लागले तेव्हा हा अर्थ बदलला. ग्रहाची शक्ती बाहेर न जाता आत वळते, असं आता म्हणतात. वक्री शनी म्हणजे बाहेरच्या शिस्तीपेक्षा आतला पहारेकरी कडक. साइटवर भाचीने तेच वाचलं.

माझ्या दृष्टीने त्या साइटने महत्त्वाची गोष्ट सोडली. निशाचर म्हणाले तसं वक्री शनी नेहमीच सूर्यासमोरच्या भागात असतो. या मुलीला तर सूर्य-शनी प्रतियोग एका अंशाच्या आत आहे. आम्ही प्रतियोग फार जोरदार मानतो. अधिकार, वडील, स्वतःचं मत यांतली ओढाताण. हे वक्रीपणाचं फळ की प्रतियोगाचं, हे वेगळं काढता येत नाही, कारण प्रतियोगातला शनी वक्री नसेल असं होतच नाही. बरीच पुस्तकं वक्री शनीच्या नावाखाली प्रतियोगाचंच वर्णन करतात असं मला वाटतं.

पंचांगवाला

केतकीताई, हे अगदी बरोबर, आणि आपल्या बाजूनेही तेच निघतं. शनी वक्री असेल तर सूर्य त्याच्यापासून साधारण पाचव्या ते नवव्या राशीत असणार. शनी मेषेत असेल तर सूर्य सिंहेपासून धनूपर्यंत. प्रतियुतीच्या वेळी सूर्य तुळेत, म्हणजे तोही नीच राशीत. या पत्रिकेत चंद्रही तिथेच, अमावस्येजवळचा. शनीची पूर्ण सातवी दृष्टी दोघांवर. मी असतो तर या पत्रिकेत शनीच्या (व) कडे पाहण्याआधी षष्ठातल्या त्या सूर्य-चंद्रांकडे पाहिलं असतं. तब्येत, नोकरीतले वरिष्ठ, आईवडिलांची काळजी, हे विषय आहेत.

आणि लग्नाचं. शनीची दृष्टी तिसरी, सातवी, दहावी. व्ययातून ती द्वितीय, षष्ठ आणि नवम स्थानांवर जाते. सप्तमावर जात नाही. सप्तमेश मंगळ धनूत आहे, त्याच्यावरही नाही. म्हणजे हा शनी लग्नस्थानाला हातच लावत नाही. मंगळ अष्टमात आहे, त्याचा विचार पत्रिका जुळवताना करावा लागेल, पण त्याचा वक्री शनीशी संबंध नाही. उलट वृषभ लग्नाला शनी नवमेश-दशमेश, योगकारक. व्ययातला योगकारक महादशेत घरापासून लांब किंवा परदेशात काम देतो असं मी सांगितलं असतं. त्यासाठी कष्ट मात्र पडतील, सारावलीतली वणवण मी अगदीच सोडून देणार नाही.

मृणाल_सातारा

नाना, तिला बंगळूरहून जर्मनीच्या ऑफिसला जायची ऑफर आहे! ताईला अजून सांगितलेलं नाही कोणी.

उपनक्षत्र

कृष्णमूर्ती पद्धतीने बघणारा आहे. आमच्याकडे जन्मपत्रिकेत वक्रीचा बाऊ करत नाहीत. प्रश्नकुंडलीत मात्र करतो. कार्येश ग्रह वक्री ग्रहाच्या नक्षत्रात असेल तर काम तो मार्गी होईपर्यंत अडतं. लग्नाचं विचारायचं तर सप्तम भावाचा उपनक्षत्रस्वामी बघा, शनीच्या नीच-उच्चावर वेळ घालवू नका. त्यासाठी ७.१५ ही वेळ मिनिटापर्यंत खात्रीची हवी. घड्याळात बघून लिहिली होती का?

निशाचर

एक विचारू? नाना आणि केतकी दोघांनीही मान्य केलं की वक्री शनी आणि सूर्यासमोरचा शनी वेगळे काढता येत नाहीत. मग वक्रीपणाला स्वतंत्र फळ आहे हे तपासणार कसं? दोन कारणं कायम एकत्र येत असतील तर कोणत्याही अनुभवावरून त्यातलं एक निवडता येणार नाही. मी वाद घालायला विचारत नाही, खरंच उत्तर हवं आहे.

केतकी_लेस्टर

निशाचर, शनीबाबत नाही काढता येत. मंगळाबाबत थोडं शक्य आहे, तो सूर्यापासून किती अंतरावर असताना वक्री होतो ते दर वेळी बरंच बदलतं. बुध-शुक्राबाबत चित्रच उलटं. ते वक्री होतात तेव्हा सूर्य आणि पृथ्वी यांच्या मधून जातात, म्हणजे सूर्याजवळ असतात, समोर कधीच नसतात. म्हणून वक्री शनी आणि वक्री बुध यांना एकच अर्थ लावणं मला पटत नाही. माझा स्वतःचा बुध वक्री आहे. शाळेत मी उत्तर येत असूनही बोलायची नाही, हे त्याच्याशी जुळतं असं मला वाटतं, पण तो पुरावा नव्हे.

पंचांगवाला

तुमच्या प्रश्नाला माझ्याकडे पुरं उत्तर नाही, निशाचर. परंपरेने वक्री गती आणि तेज ही दोन्ही एकाच चेष्टाबळात घातली, वेगळी काढायचा प्रयत्न केला नाही, एवढंच सांगू शकतो.

मृणाल_सातारा

आईने दवाखान्याचा कागद शोधला, त्यावर १९.१५ लिहिलंय. मिनिटापर्यंत खरं की नर्सने गोल आकडा लिहिला ते आता कळणार नाही.

अजून एक राहिलं. सप्तमात जो बुध आहे तोही वक्री. शनी सप्तमाला हात लावत नाही म्हणालात, पण बुध तर तिथेच बसलाय. त्याचं काय?

पंचांगवाला

तो जन्माच्या दोनच दिवस आधी, ५ नोव्हेंबरला वक्री झाला. म्हणजे जन्मवेळी जवळजवळ थांबलेलाच. सूर्यापासून सोळा-सतरा अंशांवर. सूर्यसिद्धांतानुसार वक्री बुध सूर्यापासून १२ अंशांच्या आत अस्त पावतो, मार्गी असेल तर १४. म्हणजे हा अस्तंगत नाही, पण अस्ताकडे निघालेला आहे. वृषभ लग्नाला तो द्वितीयेश आणि पंचमेश, सप्तमात. मी त्याला वाईट म्हणणार नाही. जोडीदार बोलका, हिशेबी, कदाचित ओळखीतला किंवा जुन्या संपर्कातून परत आलेला. शेवटचं वाक्य वक्रीमुळे म्हणतोय, आणि त्यावर मी पैज लावणार नाही.

केतकी_लेस्टर

आमच्याकडे एक दिवस बरोबर एक वर्ष धरून ग्रह पुढे नेतात. बुध २५ नोव्हेंबर १९९९ ला मार्गी झाला, जन्मानंतर १८ दिवसांनी. म्हणजे साधारण अठराव्या वर्षी, २०१७ च्या सुमारास, तिचा बुध मार्गी होतो. शनी ६६ दिवसांनी, म्हणजे तो साठीनंतर. मृणाल, तिला विचाराल का, बारावीनंतरच्या त्या वर्षी बोलण्यात, अभ्यासाच्या दिशेत किंवा मित्रमैत्रिणींत काही ठळक बदल झाला होता का? आधी तिला तारीख सांगू नका, नुसतं विचारा की कोणत्या वर्षी बदल झाला.

मृणाल_सातारा

आज रात्री फोन आहे तिचा, विचारते. आणि जर्मनीचंही तिनेच ताईला सांगावं असं म्हणणार आहे.

उपनक्षत्र

वेळ सात-तेरा ते सात-सतरा धरून पाच कुंडल्या काढतो. सप्तमाचा उपस्वामी पाचांत बदलला नाही तर उद्या लिहीन, बदलला तर या पत्रिकेवर मी काही बोलणार नाही.